विश्लेषण : प्रसूती रजेच्या अर्जात तारखा कशा लिहायच्या? काम कुणाकडे सोपवायचे?

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतील एखाद्या मध्यम आकाराच्या फाउंड्रीत डोकावले, तर ऑफिसात हिशेब, खरेदी आणि डिस्पॅच सांभाळणाऱ्या महिला हमखास दिसतात. यातल्या बऱ्याच कारखान्यांत एचआर म्हणजे एकच व्यक्ती. तीच हजेरी बघते, तीच पीएफ भरते आणि रजेचे अर्जही तीच फाईलला लावते. अशा ठिकाणी प्रसूती रजेचा अर्ज बहुतेकदा दोन ओळींचा असतो : ‘माझी प्रसूती नोव्हेंबरमध्ये आहे, तरी सहा महिने रजा मंजूर व्हावी.’ रजा मंजूर होते. भांडण मागाहून होते. रजा कोणत्या तारखेपासून धरायची, पगार कधी मिळणार, जीएसटीचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो आणि परत आल्यावर तेच टेबल मिळणार का, यातले काहीच त्या दोन ओळींत नसते.

कायदा नेमके काय देतो?

देशातील चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये १९६१ चा मातृत्व लाभ कायदा सामावून घेण्यात आला आहे. हक्काचा गाभा मात्र २०१७ च्या दुरुस्तीने जो दिला होता, तोच कायम आहे. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. दोन अपत्ये हयात असतील तर पुढच्या प्रसूतीसाठी १२ आठवडे मिळतात आणि त्यातले सहा आधी घेता येतात. अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे, एवढीच अट आहे. नोकरीला वर्ष झाले नाही म्हणून रजा नाही, असे कुणी सांगितले तर त्याला आधार नाही.

राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांची रजा १८० दिवसांची असते आणि ती त्यांच्या स्वतंत्र नियमांनी चालते. इथे चर्चा आहे ती खासगी नोकरीची.

तारखा कशा मोजायच्या?

उदाहरण घेऊ. शिरोलीतल्या एका फाउंड्रीत हिशेब सांभाळणारी कर्मचारी आहे. पहिलेच बाळंतपण आहे. डॉक्टरांनी दिलेली अपेक्षित तारीख आहे बुधवार, १८ नोव्हेंबर २०२६. त्याच्या आठ आठवडे आधीची तारीख येते २३ सप्टेंबर. याच्या आधीपासून प्रसूती रजा मागता येत नाही. त्यापूर्वी विश्रांतीची गरज भासली तर ती दुसऱ्या रजेतून किंवा आजारपणाच्या प्रमाणपत्रावर घ्यावी लागते.

आता २३ सप्टेंबरपासूनच निघायचे की थोडे थांबायचे, हा निर्णय तिचा. आधी जेवढे आठवडे खर्च होतील तेवढे बाळासोबतचे कमी होतील, कारण बेरीज २६ च्या पुढे जात नाही. प्रकृती ठीक असेल तर बऱ्याच जणी चार-पाच आठवडे आधी निघतात. आपल्या उदाहरणातली कर्मचारी सोमवार, १९ ऑक्टोबरपासून रजा मागते. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. ते संपतात रविवार, १८ एप्रिल २०२७ रोजी. कामावर रुजू होण्याची तारीख सोमवार, १९ एप्रिल. एमआयडीसीत साप्ताहिक सुटी रविवारीच असते असे नाही. सोमवारची असेल तर रुजू होण्याचा दिवस मंगळवार, २० एप्रिल लिहावा.

‘सहा महिने’ असा शब्द अर्जात टाळावा. इथे योगायोगाने १८२ दिवस आणि सहा महिने जुळतात. रजा दुसऱ्या महिन्यात सुरू झाली तर महिन्यांचे दिवस वेगळे पडतात आणि एक-दोन दिवसांचा पगार ‘बिनपगारी’ म्हणून कापला गेल्याचे पुढच्या पावतीत दिसते. आठवडे आणि दोन्ही टोकांच्या तारखा लिहिल्या की हा प्रश्न उरत नाही.

बाळंतपण तारखेवर होत नाही, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असते. एचआरच्या फाईलला मात्र ते लिहून द्यावे लागते. बाळ १३ दिवस आधी, ५ नोव्हेंबरलाच आले, तरी रजा १९ ऑक्टोबरला सुरू झालेली असल्यामुळे परतीची तारीख बदलत नाही. उशीर झाला तरीही एकूण २६ आठवडेच धरले जातात. घोटाळा होतो तो रजा सुरू होण्याआधीच प्रसूती झाली तर. समजा १० ऑक्टोबरला बाळ जन्मले, तर रजा त्याच दिवसापासून मोजायची आणि ती ९ एप्रिलला संपेल. म्हणून अर्जात एक वाक्य हवेच : ‘प्रसूती १९ ऑक्टोबरपूर्वी झाल्यास रजा प्रसूतीच्या दिवसापासून धरावी.’ प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे महिलेला कामावर ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे. तिने स्वतःहून यायचे म्हटले तरी मालकाला ते चालवून घेता येत नाही.

पैसे कधी आणि कोणाकडून?

इथे आधी एक फाटा बघावा लागतो. पगार ईएसआयच्या मर्यादेत असेल (ही मर्यादा बरीच वर्षे महिना २१ हजार रुपयांची आहे) आणि कारखाना त्या योजनेत असेल, तर प्रसूती लाभाची रक्कम कारखाना देत नाही, ईएसआय महामंडळ देते. त्यासाठी लगतच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. लाभाचा दावा महामंडळाकडे करायचा. एचआरकडे रजेचा अर्ज तरीही द्यायचाच, कारण रजा कारखान्याची आहे. पुष्कळ जणी यातला एकच कागद देतात आणि दुसरीकडे अडकतात.

पगार त्या मर्यादेच्या वर असेल तर पैसे मालक देतो. दर ठरतो तो रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या सरासरी रोजंदारीवर. मासिक पगार असलेल्यांना बहुतेक कारखाने नेहमीचा पगारच दर महिन्याला देत राहतात. रोजंदारीवर असणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट तपासावी. रोज ९०० रुपये मिळवणाऱ्या महिलेला २६ आठवड्यांचे, आठवड्याला सहा दिवस धरून, १५६ दिवसांचे १,४०,४०० रुपये देऊ केले जातात. सातही दिवस धरले तर १८२ दिवसांचे १,६३,८०० रुपये होतात. फरक २३,४०० रुपयांचा. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये बी. शाह प्रकरणात आठवडा म्हणजे सातही दिवस, रविवारसुद्धा, असे स्पष्ट केले आहे. निकाल जुन्या कायद्यावरचा आहे, पण प्रत्यक्ष गैरहजेरीच्या काळासाठी सरासरी रोजंदारीच्या दराने लाभ द्यायचा, हे सूत्र नव्या संहितेतही आहे.

प्रसूतीपूर्व काळाची रक्कम गर्भारपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायची असते. उरलेली रक्कम प्रसूतीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत. हे ४८ तास पुरावा पोचल्यावर सुरू होतात, बाळ जन्मल्यावर नव्हे. बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे गडहिंग्लजला किंवा आजऱ्याला गेलेल्या महिलेचा डिस्चार्जचा कागद शिरोलीत पोचायला दोन आठवडे लागतात, आणि मग ‘पैसे रखडले’ अशी तक्रार होते. अर्जातच लिहावे की प्रसूतीचा पुरावा अमुक व्यक्ती आणून देईल किंवा या ईमेलवरून येईल. रक्कम स्वतःऐवजी दुसऱ्या कुणाला द्यायची असेल, तर त्याचे नाव याच सूचनेत देता येते. कारखान्याकडून प्रसूतीपूर्व व प्रसूतीनंतरची देखभाल मोफत मिळत नसेल, तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनसही देय आहे. तो न मागता क्वचितच मिळतो.

अर्ज द्यायला उशीर झाला किंवा प्रसूतीनंतर दिला, म्हणून हक्क जात नाही. तरी अडीच-तीन महिने आधी अर्ज देण्याचे खरे कारण पुढे आहे.

काम सोपवायचे म्हणजे काय?

‘माझे काम सहकाऱ्याकडे दिले आहे’ हे वाक्य एचआरच्या उपयोगाचे नाही. आपल्या उदाहरणातल्या हिशेबनीस बाईंचे कॅलेंडर पाहा. जीएसटीआर-१ दर महिन्याच्या ११ तारखेला, पीएफ आणि ईएसआय १५ तारखेला, जीएसटीआर-३बी २० तारखेला. तिची रजा १९ ऑक्टोबरला सुरू होते. म्हणजे सप्टेंबरचे ३बी विवरण तिच्या रजेच्या दुसऱ्याच दिवशी भरायचे आहे. त्यात २० ऑक्टोबरला दसरा. यंत्रांची पूजा, प्रसाद, अर्धे ऑफिस गावाला. अशा दिवशी नव्या माणसाने पहिल्यांदा विवरण भरायला बसायचे, म्हणजे फोन तिलाच जाणार.

अर्ज ३ ऑगस्टला दिला तर तीन फेऱ्या हाताशी येतात. ऑगस्टमध्ये जागेवर येणारा सहकारी नुसता शेजारी बसून बघतो. सप्टेंबरमध्ये तो भरतो आणि ती तपासते. ऑक्टोबरमध्ये ११ आणि १५ तारखेचे काम तो एकटा करतो, ती विचारले तरच सांगते. तिसऱ्या फेरीतच कळते की काय राहून गेले. ३बीचे आकडे, खरेदीचा ताळमेळ आणि भरायच्या कराची रक्कम शुक्रवार, १६ ऑक्टोबरपर्यंत तयार करून मालकांची मान्यता घ्यायची. २० तारखेला फक्त भरणे उरते.

सगळ्यात जास्त अडते ते ओटीपीवर. लहान कारखान्यांत जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँकेची मंजुरी आणि मोठ्या ग्राहकांचे शेड्यूल दाखवणारे पोर्टल यांपैकी कुठेतरी तिचा खासगी मोबाइल नंबर नोंदवलेला असतो. कारण त्या दिवशी तीच जागेवर होती! ती बाळंतिणीच्या खोलीत आणि गाडी कास्टिंग भरून गेटवर उभी, ई-वे बिल निघत नाही. म्हणून सोपवणीच्या कागदात पहिले काम हे : कोणत्या पोर्टलला कोणाचा नंबर आणि ईमेल आहे याची यादी करून ते सप्टेंबरअखेर कंपनीच्या नंबरवर बदलून घेणे. ई-वे बिलसाठी सहकाऱ्याचा वेगळा उपवापरकर्ता तयार करता येतो. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देण्यापेक्षा ते बरे. डिजिटल स्वाक्षरी ज्याच्या नावाची असेल त्याच्याकडेच राहिली पाहिजे. ती ड्रॉवरमध्ये ठेवून जाणे धोक्याचे आहे.

मग उरतात ती तोंडी असलेली कामे. कोणत्या स्क्रॅप पुरवठादाराचे बिल वजनकाट्याच्या पावतीशी जुळवूनच पास करायचे, कोण दर महिन्याला बिल उशिरा अपलोड करतो आणि त्यामुळे कराची वजावट लटकते, दिवाळी बोनसची यादी कुठपर्यंत आली आहे. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे बोनसचा हिशेब तिच्या रजेतच पडतो. वर्षअखेरही रजेतच. ३१ मार्चचे काम कोण करणार, हे ऑगस्टमध्येच ठरवून मालकांच्या सहीने अर्जासोबत जोडले, तर मार्चमध्ये ‘थोडे दिवस येऊन जा’ असा निरोप यायला जागा राहत नाही.

असा निरोप आला तर? रजेच्या सूचनेतच महिला लिहून देते की, लाभाच्या काळात ती कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. त्या काळात पगारी काम केले तर तेवढ्या दिवसांचा लाभ गमवावा लागू शकतो. म्हणून ‘फोनवर उपलब्ध राहीन’ हे सौजन्याचे वाक्य अर्जात नसलेलेच बरे. एखादी फाईल कुठे आहे हे सांगणे वेगळे आणि घरून विवरण भरणे वेगळे.

परतीचा आराखडा कशासाठी?

कायदा तो मागत नाही. पण परतीची तारीख आणि पहिल्या दोन आठवड्यांचे काम आधी कागदावर असले, की जागेवर आलेला माणूस तात्पुरता आहे हे सगळ्यांना माहीत असते. रजेच्या काळात किंवा रजेमुळे नोकरीवरून काढणे बेकायदा आहे आणि तिच्या नोकरीच्या अटी तिचे नुकसान होईल अशा बदलणेही. प्रत्यक्षात कोणी काढत नाही, टेबल बदलते. हिशेबातून स्टोअरला, स्टोअरमधून रिसेप्शनला. पद आणि काम अर्जात लिहिलेले असेल तर बोलायला कागद हातात राहतो.

१९ एप्रिलला रुजू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा ३बीची तारीख आहे. ते विवरण सहकाऱ्यानेच भरावे आणि तिने त्या आठवड्यात सहा महिन्यांच्या नोंदी वाचाव्यात, असे ठरवून टाकणे शहाणपणाचे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा स्तनपानासाठी वेळ मिळतो. बाळ १८ नोव्हेंबरला जन्मले तर ही मुदत १८ फेब्रुवारी २०२८ पर्यंत जाते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि तिथे दिवसातून चार वेळा जाता येते. पाळणाघर कारखान्यात नसेल, बाळ राजारामपुरीत सासूबाईंजवळ असेल, तर शिरोलीहून दोनदा जाऊन येणे शक्य नाही. अशा वेळी दोन्ही विराम जोडून सायंकाळी लवकर निघण्याची मुभा एचआरकडून लेखी मागता येते. हे सामंजस्याने ठरते, हक्काने नव्हे. रजेनंतर घरून काम करण्याचेही तसेच. कामाचे स्वरूप तसे असेल आणि मालकाशी ठरले तरच ते मिळते. गर्भारपण किंवा प्रसूतीतून आजार उद्भवला तर वैद्यकीय पुराव्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. ती या २६ आठवड्यांच्या वर असते.

मुदतीच्या करारावर काम करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचा निकाल आहे. कविता यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले, की पात्रता पूर्ण झाली असेल तर करार रजेच्या मध्यातच संपला म्हणून लाभ थांबत नाही. करार संपल्यावर नोकरीत परत घेतलेच पाहिजे असा मात्र याचा अर्थ नाही.

अर्ज असा असू शकतो

दिनांक ३ ऑगस्ट २०२६
प्रति, व्यवस्थापक (एचआर)
विषय : प्रसूती रजा व मातृत्व लाभाबाबत सूचना

महोदय,
मी लेखा विभागात वरिष्ठ लेखा सहायक म्हणून काम करते. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १८ नोव्हेंबर २०२६ असून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी सोमवार, १९ ऑक्टोबर २०२६ ते रविवार, १८ एप्रिल २०२७ अशी २६ आठवडे प्रसूती रजा घेत आहे. प्रसूती १९ ऑक्टोबरपूर्वी झाल्यास रजा प्रसूतीच्या दिवसापासून धरावी. या काळात मी कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही.

प्रसूतीपूर्व काळाची रक्कम आगाऊ आणि उर्वरित रक्कम व वैद्यकीय बोनस प्रसूतीचा पुरावा मिळाल्यावर माझ्या पगाराच्या खात्यात जमा करावी. पुरावा माझे पती आणून देतील.

माझे काम लेखा विभागातील सहकारी (नाव) यांच्याकडे १७ ऑक्टोबरपर्यंत तीन टप्प्यांत सोपवीन. तारीखवार तक्ता, पोर्टलनिहाय नोंदणीकृत क्रमांकांची यादी आणि ३१ मार्चच्या कामाची जबाबदारी सोबतच्या कागदात दिली आहे. सप्टेंबरच्या जीएसटीआर-३बीचे आकडे १६ ऑक्टोबरला मान्यतेसाठी देईन.

मी सोमवार, १९ एप्रिल २०२७ रोजी याच पदावर रुजू होईन. २० एप्रिलचे विवरण सहकाऱ्यांनी भरावे व मी ३ मेपासून पूर्ण काम हाती घ्यावे, अशी विनंती आहे. स्तनपानाच्या विरामांच्या वेळा रुजू होताना ठरवू.

कृपया पोच द्यावी.
आपली, (सही)

कारखान्याचा किंवा राज्याच्या नियमांतला ठरलेला नमुना असेल तर तो एचआरकडून मागून भरावा आणि हे पत्र त्याला जोडावे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. साहेब नसतील तर तोच मजकूर ईमेलने पाठवावा. व्हॉट्सअॅपवरच्या ‘ओके’ला पोच समजू नये.

आणि वडिलांचे काय?

खासगी नोकरीत पितृत्व रजेचा कायदा नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे मोल्डिंग शॉपमधल्या तरुण बापाला हात घालावा लागतो तो स्वतःच्या हक्काच्या रजेत. कारखान्यात २० दिवसांच्या कामामागे एक दिवस या हिशेबाने २४० दिवस काम केलेल्याच्या खात्यात १२ दिवस जमतात. त्याची अडचण वेगळी आहे. त्याला तारीख आधी सांगता येत नाही. म्हणून त्याने एकच तारीख न देता पट्टा द्यावा : ‘८ ते २८ नोव्हेंबर या काळात प्रसूती होईल त्या दिवसापासून १० दिवस.’ त्या तीन आठवड्यांत त्याच्या पाळीत कोण उभा राहील, हे सुपरवायझरशी बोलून त्याचे नाव अर्जात लिहावे. उरलेले दोन दिवस बाळाच्या पहिल्या लसीकरणासाठी राखून ठेवता येतात.